शेतकरी कंपनीच्या संचालक मंडळाचा अहवाल कसा वाचावा

पोळा होऊन सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या, की विदर्भातल्या अनेक गावांत शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस घरी येते. नोटिशीला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि संचालक मंडळाचा अहवाल जोडलेला असतो. बहुतेक सभासद सभेची तारीख आणि ठिकाण पाहून तो गठ्ठा बाजूला ठेवून देतात, कारण आकड्यांची पाने आपल्या आवाक्यातली नाहीत असे त्यांना वाटते. ताळेबंद वाचायला खरोखरच थोडी सवय लागते. संचालकांचा अहवाल मात्र साध्या वाक्यांत लिहिलेला असतो आणि कंपनीचे वर्ष कसे गेले, सभासदाच्या हातात काय पडणार आणि पुढच्या हंगामात काय होऊ घातले आहे, या तिन्ही गोष्टी त्यात सांगितलेल्या असतात. कोणते वाक्य कोणत्या आकड्याशी ताडून पाहायचे, एवढे कळले की हा अहवाल कोणत्याही कास्तकाराला वाचता येतो.

शेतकरी उत्पादक कंपनी ही सहकारी संस्था नसून कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी आहे. २००२ च्या दुरुस्तीने या प्रकारच्या कंपन्यांना कायद्यात जागा मिळाली आणि आता त्यांच्या तरतुदी कंपनी कायदा २०१३ च्या वेगळ्या प्रकरणात आहेत. त्यातले कलम ३७८ झेडए सभासदाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी लेखी द्यावी, आणि तिच्यासोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षित हिशेब आणि संचालक मंडळाचा अहवाल द्यावा, असे ते कलम सांगते. अहवालात काय असावे हेही तिथेच नमूद आहे: कंपनीची एकूण स्थिती, राखीव निधीत टाकायची रक्कम, भागभांडवलावर द्यायचा मर्यादित परतावा, वाटायचा पेट्रोनेज बोनस, आणि हिशेबाची तारीख उलटल्यानंतर अहवाल लिहीपर्यंत घडलेले महत्त्वाचे बदल. यातली एखादी बाब अहवालात आढळली नाही, तर ती सभेपूर्वीच कार्यालयात मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. सभेच्या दिवशी दारात वाटलेला अहवाल कोणी शांतपणे वाचू शकत नाही, म्हणून १४ दिवसांच्या या मुदतीचा आग्रह मी नेहमी धरतो.

पुढचे सगळे एका कल्पित कंपनीच्या आकड्यांवरून समजून घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत, पण मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते तशीच आहे. समजा, तालुक्याच्या गावात ६०० सभासदांची एक कंपनी आहे. प्रत्येकाने १० रुपयांचे १०० भाग, म्हणजे १,००० रुपये भरले आहेत, त्यामुळे भागभांडवल ६ लाख रुपये आहे. कंपनी सोयाबीन आणि तूर खरेदी करते, माल स्वच्छ व प्रतवार करून विकते आणि सभासदांना खत-बियाणे पुरवते. अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, की उलाढाल १ कोटी ६० लाखांवरून २ कोटी ४० लाखांवर गेली, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढली, आणि करानंतरचा नफा ५ लाखांवरून ९ लाखांवर गेला, म्हणजे ८० टक्क्यांनी वाढला.

हे दोन्ही आकडे खरे आहेत असे धरून चालू. तरीही वर्ष चांगले गेले की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. त्यासाठी नफा-तोटा पत्रकातली ‘इतर उत्पन्न’ ही ओळ आणि तिला जोडलेली टीप पाहावी लागते. आपल्या कंपनीच्या टिपेत असे दिसते, की या वर्षी ६ लाख ५० हजार रुपये अनुदान उत्पन्नात धरले आहे, कारण आधीचे रखडलेले हप्तेही याच वर्षी जमा झाले. मागच्या वर्षी ही रक्कम १ लाख होती. आता दोन्ही वर्षांच्या नफ्यातून अनुदान वजा करा. मागच्या वर्षी ४ लाख उरतात आणि या वर्षी अडीच लाख. म्हणजे मागच्या वर्षी १०० रुपयांच्या उलाढालीमागे कंपनीकडे अडीच रुपये उरत होते, ते या वर्षी जेमतेम एक रुपयावर आले. माल दीडपट हाताळला गेला, हमाली, बारदाना आणि वाहतूक वाढली, आणि धंद्यातली कमाई मात्र घटली. पहिल्या पानावरची ८० टक्के वाढ अनुदानाची होती.

अनुदान घेणे गैर आहे, असा याचा अर्थ नाही. १० हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेत, जी फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली, प्रत्येक संघटनेला व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले आहे. व्यवस्थापकाचा पगार, लेखापालाचा पगार, कार्यालयाचे भाडे असे खर्च त्यातून भागतात आणि ते खर्च नफा-तोटा पत्रकात लागलेले असतात, तेव्हा अनुदानही तिथेच दिसणे रास्त आहे. पण साहाय्याला मुदत आहे. ते संपल्यावर हेच पगार धंद्यातून द्यावे लागणार आहेत, आणि म्हणून अनुदान वजा करून उरलेला नफा हाच कंपनी स्वतःच्या पायावर उभी आहे का ते सांगणारा आकडा आहे. प्रामाणिक अहवाल हे स्वतःहून लिहितो. ‘या वर्षीच्या नफ्यात अनुदानाचा वाटा एवढा आहे’ असे एक वाक्य जिथे दिसेल, त्या संचालक मंडळावर मी जास्त विश्वास ठेवीन.

उलाढालीच्या आकड्याबाबतही एक खूण लक्षात ठेवावी. कंपनी हमीभावाचे खरेदी केंद्र चालवत असेल, तर तिथे येणारा माल कंपनीच्या मालकीचा नसतो. कंपनीला हाताळणीचा खर्च आणि कमिशन मिळते. अशा वेळी कमिशन हेच कंपनीचे उत्पन्न होय. सगळ्या तुरीची किंमतच उलाढालीत धरली असेल, तर आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी केंद्र मिळाले नाही की एकदम कोसळतो. उलाढाल अचानक दुप्पट-तिप्पट दिसली तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

आता वाटपाकडे येऊ, कारण सभेत सर्वांत जास्त आवाज याच विषयावर उठतो. एरवीच्या कंपनीत भागावर लाभांश मिळतो: संचालक मंडळ रक्कम सुचवते, सभा ती मंजूर करते किंवा कमी करते, पण मंडळाने सुचवल्यापेक्षा वाढवू शकत नाही. शेतकरी कंपनीत सभासदाला पैसे मिळण्याच्या वाटा निराळ्या आहेत, आणि अहवाल वाचताना त्या एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत.

पहिली वाट मर्यादित परताव्याची. हा भागभांडवलावर मिळतो आणि त्याची कमाल मर्यादा कंपनीच्या नियमावलीत ठरवलेली असते. आपल्या कंपनीच्या मंडळाने ८ टक्के सुचवला आहे. ६ लाखांवर ८ टक्के म्हणजे ४८ हजार रुपये, आणि १,००० रुपये भरलेल्या सभासदाला ८० रुपये. रक्कम लहान वाटते, पण कायद्याचा हेतूच तो आहे: पैसे गुंतवून बसणाऱ्यापेक्षा माल घालणाऱ्याला जास्त मिळावे.

दुसरी वाट पेट्रोनेज बोनसची, म्हणजे कंपनीशी वर्षभरात जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात मिळणाऱ्या बोनसची. मर्यादित परतावा आणि राखीव निधी यांची तरतूद झाल्यावर जे उरते, त्यातूनच हा देता येतो. तो रोख द्यायचा, भागांच्या रूपात द्यायचा की दोन्ही प्रकारे, हे सर्वसाधारण सभेत सभासद ठरवतात. आपल्या कंपनीने ९ लाखांपैकी ३ लाख राखीव निधीत, ४८ हजार परताव्याला आणि २ लाख ५२ हजार बोनसला सुचवले आहेत. उरलेले ३ लाख पुढे ओढले जातील. सभासदांकडून वर्षभरात १ कोटी २६ लाखांचा माल घेतला होता, तेव्हा बोनस दर शंभर रुपयांमागे २ रुपये पडतो. ज्याने ६० हजारांचे सोयाबीन घातले त्याला १,२०० रुपये बोनस आणि ८० रुपये परतावा मिळेल. ज्याने आपला माल अडत्याकडे नेला त्याला फक्त ८० रुपये. इथे आपले काम एवढेच, की खरेदीच्या पावत्या काढून स्वतःची बेरीज करायची आणि ती कंपनीच्या यादीतल्या आपल्या नावापुढच्या आकड्याशी जुळते का ते सभेआधी पाहायचे. वजनातला कडता, ओलाव्याची कपात किंवा दुसऱ्याच्या नावावर चढलेली पावती अशा चुका याच वेळी सापडतात.

तिसरी वाट रोखून ठेवलेल्या किमतीची, आणि गोंधळ होतो तो इथेच. कंपनी माल घेताना सभासदाला पूर्ण चुकारा न देता किमतीचा काही भाग नंतर द्यायचा म्हणून ठेवू शकते. ही रक्कम आपल्याच मालाची राहिलेली किंमत आहे, नफ्यातला वाटा नव्हे. त्यामुळे ‘कंपनीने बोनस दिला’ असे ऐकले तरी, खरेदीच्या दिवशी आपल्याला कोणता भाव मिळाला होता ते आठवायला हवे. समजा त्या दिवशी बाजार समितीत सोयाबीनला क्विंटलमागे ४,२०० रुपये होते आणि कंपनीने ४,१५० दिले. शंभरामागे २ रुपयांप्रमाणे बोनस ८३ रुपये होतो. त्यातले ५० रुपये तर आपण आधीच सोडले होते. खरी जास्तीची कमाई ३३ रुपयांची. कंपनीने माल गावातूनच उचलला असेल तर वाहतूक आणि अडत वाचली तीही या बाजूला धरावी, आणि मग व्यवहार फायद्याचा होता की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. अहवालाने मात्र रोखलेली किंमत आणि बोनस या दोन रकमा वेगवेगळ्या दाखवायला हव्यात.

आता या वाटपाकडे अनुदानाच्या आकड्यासह पुन्हा पाहा. धंद्यातून आलेला नफा अडीच लाख आहे आणि परतावा व बोनस मिळून ३ लाख वाटायचे ठरते आहे. म्हणजे वाटप धंद्याच्या कमाईच्या बाहेर गेले आहे. अनुदान ज्या कामासाठी येते त्याच कामावर ते खर्च व्हायचे असते, म्हणून या ठिकाणी सभासदाने थांबून विचारले पाहिजे, की बोनसचा पैसा नेमका कोठून येणार आहे आणि तो आज बँकेत आहे का. नफा कागदावर असतो. तो कधी गोदामातल्या पोत्यांत तर कधी व्यापाऱ्याकडच्या येण्यात अडकलेला असतो. बोनस मंजूर होऊन महिनोन्महिने खात्यात न येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

गोदामातल्या पोत्यांवरून अहवालाच्या सर्वांत दुर्लक्षित परिच्छेदाकडे जाता येते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि अहवाल ऑगस्टच्या सुमारास लिहिला जातो. विदर्भातल्या कंपनीसाठी हे मधले महिने फार नाजूक असतात, कारण मार्चअखेर तूर आणि हरभरा नुकताच गोदामात आलेला असतो आणि भाव वाढतील म्हणून तो धरून ठेवलेला असतो. आपल्या कंपनीकडे ३१ मार्चला ५०० क्विंटल तूर होती, क्विंटलमागे ७,००० रुपयांना घेतलेली, म्हणजे ३५ लाखांची. हिशेबाचा नियम असा आहे, की शिल्लक माल खरेदीखर्च किंवा त्या वेळी विकल्यास मिळू शकणारी किंमत, यांत जी कमी असेल त्या किमतीला धरायचा. ३१ मार्चलाच भाव उतरलेला असेल, तर तोटा त्याच वर्षीच्या हिशेबात दिसला पाहिजे. भाव त्यानंतर उतरला असेल, तर मार्चचे आकडे सहसा तसेच राहतात, पण अहवालात ‘हिशेबाच्या तारखेनंतरचे महत्त्वाचे बदल’ या मथळ्याखाली ते लिहिले गेले पाहिजे.

समजा ऑगस्टमध्ये तुरीचा भाव ६,४०० वर आला आणि माल अजून विकलेला नाही. क्विंटलमागे ६०० रुपये, म्हणजे ५०० क्विंटलांवर ३ लाखांचा फटका बसू शकतो. धंद्याचा वर्षभराचा नफा अडीच लाख होता, हे इथे आठवावे. पुढे ओढलेले ३ लाख या एका घसरणीत संपतात, आणि गोदाम पावतीवर कर्ज घेतलेले असेल तर व्याज वेगळे. एवढे सगळे होऊनही या मथळ्याखाली ‘असा कोणताही बदल घडलेला नाही’ एवढेच ठरावीक वाक्य असते. बऱ्याचदा ते मागच्या वर्षीच्या अहवालातून जसेच्या तसे उतरवलेले असते. मी ज्या कंपनीचा सभासद आहे तिच्या अहवालात हे वाक्य सलग दोन वर्षे वाचले, आणि त्यांतल्या दुसऱ्या वर्षी गोदामातला हरभरा पडत्या भावात विकला गेल्याचे मला सभेनंतर कळले. तेव्हापासून नोटीस हातात आली, की मी आधी हा परिच्छेद काढतो आणि मार्चअखेरच्या साठ्याचे पुढे काय झाले ते त्याच्या शेजारी पेन्सिलने लिहितो. विकला असेल तर कोणत्या भावाने, आणि विकला नसेल तर आज काय भाव आहे, एवढी चौकशी बाजार समितीतून कोणालाही करता येते.

संचालकांशी झालेल्या व्यवहारांचा तपशीलही अहवालात पाहावा. एखाद्या संचालकाचे किंवा त्याच्या भावाचे कृषी केंद्र असेल आणि कंपनीने खत तिथूनच घेतले असेल, तर तो संबंधित व्यक्तीशी झालेला व्यवहार ठरतो. छोट्या गावात असे व्यवहार टाळता येतातच असे नाही आणि त्यात चूक असेलच असेही नाही. प्रश्न असतो भावाचा: दुसऱ्या दुकानात तेच खत काय दराने मिळत होते. लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात काही शेरा मारला असेल, तर संचालक मंडळाने त्यावर खुलासा द्यायचा असतो. शेरा आहे आणि खुलासा नाही, असे दिसले तर तो सभेतला पहिला प्रश्न करावा.

राहिला पुढच्या वर्षाचा वेध. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना पुढच्या काळाविषयी आपले मत वार्षिक अहवालात मांडावेच लागते. शेतकरी कंपनीवर असा स्वतंत्र मथळा देण्याचे बंधन नाही. ती कंपनीच्या एकूण स्थितीबद्दल लिहिते आणि त्याच ओघात पुढचे बेत सांगते. म्हणून त्या मजकुराची भाषा बहुधा मोघम असते. आपल्या कंपनीच्या अहवालात लिहिले आहे, की ‘येत्या हंगामात डाळ मिल सुरू करून सभासदांना जास्तीचा भाव देण्याचा मानस आहे.’ हे वाक्य तपासायचे दोन मार्ग आहेत.

एक म्हणजे मागच्या वर्षीचा अहवाल काढून शेजारी ठेवणे. तिथेही डाळ मिल ‘येत्या हंगामात’च सुरू होणार होती, असे दिसले तर यंदाच्या अहवालाने उशिराचे कारण द्यायला हवे. डाळ मिलच्या बाबतीत कारणे ठरलेली असतात. जागेचा भाडेकरार झालेला नसतो, थ्री फेज वीजजोडणी मिळालेली नसते, अनुदान वजा जाता कंपनीने स्वतः भरायचा हिस्सा जमलेला नसतो, किंवा यंत्र येऊन पडते आणि ते चालवण्याइतकी तूर विकत घ्यायला खेळते भांडवल नसते. यांपैकी नेमके काय अडले आहे ते कळले, की पुढचा हंगाम खरा की पुन्हा पुढे ढकललेला, याचा अंदाज आपणच बांधू शकतो.

दुसरा मार्ग अंदाजपत्रकाचा. शेतकरी कंपनीत पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेने मंजूर करायचे असते, आणि कंपनीचा खरा वेध मला तिथेच दिसतो. अहवालात मिल आहे आणि अंदाजपत्रकात तिच्या विजेच्या बिलाला, कामगारांच्या मजुरीला, कर्जाच्या हप्त्याला तरतूद नाही, तर मिल येत्या वर्षात चालणार नाही असे समजावे. व्यवस्थापन अनुदानाची मुदत संपत आली असेल, तर पगाराची रक्कम कोणत्या उत्पन्नासमोर मांडली आहे तेही पाहावे. ती पुन्हा ‘अपेक्षित अनुदान’ या ओळीसमोर मांडली असेल, तर त्या अनुदानाच्या मंजुरीचे पत्र दाखवायला सांगावे.

अहवालाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. तो संचालकांनी स्वतःच्या कारभाराबद्दल लिहिलेला असतो. गोदामातली पोती प्रत्यक्ष किती आहेत, व्यापाऱ्याकडचे येणे वसूल होणारे आहे की बुडीत, हे केवळ त्यातून कळत नाही. त्यासाठी हिशेबाच्या टिपा, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि प्रत्यक्ष पाहणी लागते. पण कोणता प्रश्न विचारायचा हे अहवालातूनच सापडते. आपल्या उदाहरणात असे तीन प्रश्न निघाले: अनुदान वगळून नफा किती, मार्चच्या तुरीचे काय झाले, आणि मिलची तरतूद अंदाजपत्रकात कुठे आहे. हे प्रश्न कागदावर लिहून सभेच्या चार दिवस आधी कार्यालयात द्यावेत आणि पोच घ्यावी, म्हणजे उत्तर आकड्यांसह तयार ठेवायला कंपनीलाही वेळ मिळतो. सभेत मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावे. कायद्याप्रमाणे हेच इतिवृत्त पुढच्या वर्षीच्या नोटिशीला जोडून आपल्या घरी येणार आहे, आणि तेव्हा नवा अहवाल वाचायला सुरुवात त्याच पानापासून करता येईल.